रामरक्षेशेजारची शिवी

माझे मामा सांगली जिल्ह्यातल्या एका गावात छत्तीस वर्षं गणित शिकवत होते. फळ्यावरचं उदाहरण चुकलं की 'गाढवा' म्हणायचे. त्यांच्या रागाची मजल तेवढीच. निवृत्तीनंतर सहा वर्षांनी एका पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणं बंद झालं. चौथ्या दिवशी त्यांचे जुने मुख्याध्यापक भेटायला आले. खाटेजवळ वाकून त्यांनी विचारलं, "कसे आहात सर?" मामांच्या चेहऱ्यावर ओळख उमटली, डोळे हसले आणि तोंडातून एक शब्द खणखणीत बाहेर पडला. आईवरून दिलेली, इथे छापता येणार नाही अशी शिवी.

मामींनी पदर तोंडाला लावला. मुख्याध्यापक दोन पावलं मागे सरकले. मामांनी आपलाच शब्द ऐकला होता. त्यांनी तो परतवायचा प्रयत्न केला, ओठ जुळवले, मान हलवली आणि पुन्हा तोच शब्द बाहेर आला. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या आठवड्यात आमच्या घरात या शब्दाचे तीन अर्थ लावले गेले. एक काका म्हणाले, माणूस आयुष्यभर मनात दाबून ठेवतो ते असं शेवटी बाहेर पडतं. एका शेजारणीला हे 'बाहेरचं' वाटलं, तिने एका देवऋष्याचं नाव सुचवलं. बाकीच्यांनी मामांना वेड लागलं असं धरून चालत त्यांच्यासमोरच त्यांच्याविषयी बोलायला सुरुवात केली. तिन्ही अर्थ चुकीचे होते आणि तिन्हींनी नुकसान केलं. सगळ्यात खोल जखम पहिल्याने केली, कारण चाळीस वर्षांच्या संसारानंतर मामींना वाटायला लागलं की हा माणूस आपल्याला कधी कळलाच नाही.

खरं उत्तर मिळालं ते पंधरवड्यानंतर, मिरजेहून येणाऱ्या एका तरुण वाचा-उपचारतज्ज्ञ मुलीकडून. तिने मामांसमोर पेन धरलं आणि विचारलं, हे काय आहे? मामांना सांगता येईना. धडपडले, घामाघूम झाले आणि शिवी आली. तिने ते मनावर घेतलं नाही. पेन बाजूला ठेवून ती सहज म्हणाली, "सर, बे एके बे..." मामांनी सूर पकडला. बे दुणे चार, बे त्रिक सहा, थेट बे दाहे वीसपर्यंत, एकही अडखळ नाही. मग तिने तीन बोटं दाखवून विचारलं, ही किती? गप्प. दोनाच्या पाढ्यात सगळे आकडे म्हणणाऱ्या माणसाला समोरच्या बोटांची संख्या सांगता येत नव्हती. तिने मामींना विचारलं, हे रोज संध्याकाळी काय म्हणायचे? रामरक्षा. मामींनी सुरुवात करून दिली आणि मामांनी पुढचे कितीतरी श्लोक एका दमात म्हटले.

"काकू," ती म्हणाली, "शिवीसुद्धा त्याच जागेवरून येते. रामरक्षेच्या शेजारून."

हे वाक्य मला इतकं चमत्कारिक वाटलं की पुढची काही वर्षं मी याविषयी मिळेल ते वाचत राहिले. ती शब्दशः खरं सांगत होती.

आपण बोलतो ते दोन वाटांनी. 'आज पाऊस आला तर छत्री घेऊन जा' हे वाक्य आपण त्या क्षणी तयार करतो. अर्थ ठरवायचा, शब्द शोधायचे, ते क्रमाने लावायचे, विभक्ती-प्रत्यय जोडायचे, जीभ आणि ओठ हलवायचे. बहुतेक माणसांत हे काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं. पाढे, स्तोत्र, आरती, 'नमस्कार', 'अरे देवा' आणि शिव्या मात्र आपण तयार करत नाही. हजारदा कानावर पडून किंवा तोंडी बसून त्यांचे तयार तुकडे झालेले असतात. स्वयंपाकघरात रोज कणीक मळून पोळी लाटायची असते, आणि फळीवर लोणच्याची बरणी असते. शेगडी विझली तर पोळी होणार नाही. बरणी मात्र फळीवर तशीच राहते. मामांची शेगडी विझली होती. मेंदूच्या डाव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि वाक्य रचणारी यंत्रणा बंद पडली. याला वाचाघात म्हणतात. दुसऱ्याचं बोलणं त्यांना बऱ्यापैकी समजत होतं. शब्द मागायला मन गेलं की हाताला बरणी लागत होती, आणि बरणीत जे होतं ते बाहेर येत होतं.

पण मामा शिव्या देत नसत, मग त्यांच्या बरणीत शिवी कुठून आली? शिवी माहीत असायला ती द्यावी लागत नाही. लहानपणी शिमग्याला बोंब मारताना, एसटी स्टँडवर, शेताच्या बांधावरच्या भांडणात प्रत्येक मराठी माणसाने त्या ऐकलेल्या असतात. त्यातही शिवी साधा शब्द म्हणून मनात शिरत नाही. तिच्याबरोबर धक्का असतो, भीती असते, आईने मारलेली चापट असते. भावनेशी असा घट्ट बांधलेला शब्द मेंदूत पक्का बसतो. ज्याने आयुष्यभर तो शब्द टाळला त्याच्या मेंदूतही तो पूर्ण शाबूत असतो, कारण टाळण्यासाठी तो ओळखावा लागतो.

वैद्यकशास्त्राला हे माहीत होऊन दीडशेहून अधिक वर्षं झाली. 1861 साली पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात पॉल ब्रोका या शल्यचिकित्सकाने लेबॉर्न्य नावाचा 51 वर्षांचा रुग्ण तपासला. तो तिथे 21 वर्षं होता आणि त्याला एकच अक्षर बोलता येई, 'ताँ'. सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. पण आपल्या खुणा समोरच्याला कळल्या नाहीत आणि तो चिडला की त्याच्या तोंडून देवाच्या नावाची एक फ्रेंच शपथ अख्खी बाहेर पडायची. त्या काळी ती शिवीच होती. काही दिवसांतच तो वारला. ब्रोकाने त्याचा मेंदू पाहिला तेव्हा डाव्या बाजूच्या पुढच्या भागात बिघाड सापडला. आज तो भाग ब्रोकाच्या नावाने ओळखला जातो. भाषा गेली आणि शपथ उरली, ही गोष्ट त्या पहिल्या नोंदीतच आहे.

याच्या अगदी उलट उदाहरणही आहे आणि मला ते जास्त पटवणारं वाटतं. 1993 साली काही मेंदूतज्ज्ञांनी हिब्रू आणि फ्रेंच बोलणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाची नोंद प्रसिद्ध केली. त्यांच्या मेंदूच्या उजव्या बाजूला, खोलवर असलेल्या 'बेसल गँग्लिया' या पेशींच्या गाठोड्यांना इजा झाली होती. त्यांना वाक्यं नीट बोलता येत होती. पण रोजच्या प्रार्थना म्हणता येईनात, ओळखीची गाणी म्हणता येईनात, आणि शिवीही देता येईना. प्रार्थना आणि शिवी एकाच वेळी, एकाच जागेच्या इजेने गेली. मिरजेच्या त्या मुलीने सांगितलेलं शेजारपण हेच.

हीच बेसल गँग्लिया टूरेट सिंड्रोमच्या गोष्टीतही येतात, पण तिथे बिघाड निराळा असतो. या गाठोड्यांचं एक काम फाटकावरच्या राखणदाराचं आहे. मेंदूत प्रत्येक क्षणी असंख्य हालचालींचे आणि आवाजांचे तयार तुकडे बाहेर पडायला उभे असतात. त्यातला हवा तो सोडायचा आणि बाकीचे अडवायचे, ही या राखणदाराची नोकरी. टूरेटमध्ये राखण ढिली असते. म्हणून डोळे मिचकतात, मान झटकली जाते, घशातून 'हं' असा आवाज निघतो. यांना टिक म्हणतात. काही जणांमध्ये फाटकातून निसटणारा तुकडा शिवीचा असतो.

टूरेट म्हणजे शिव्यांचा रोग असा समज सिनेमांनी आणि विनोदी कार्यक्रमांनी पसरवला आहे. प्रत्यक्षात टूरेट असलेल्यांपैकी साधारण 10 ते 15 टक्क्यांनाच शिवीची टिक असते. या समजाचं मूळ जुनं आहे. ज्या फ्रेंच डॉक्टरच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या जॉर्ज जिल द ला टूरेटने 1885 साली नऊ रुग्णांची वर्णनं छापली. त्यात दाँपिएर घराण्यातली एक सरदारपत्नीही होती. तिची पहिली नोंद इतार या डॉक्टरने 1825 सालीच केली होती. सातव्या वर्षी तिला झटके सुरू झाले. पुढे चारचौघांत, सभ्य संभाषणाच्या मध्येच तिच्या तोंडून घाण शब्द बाहेर पडू लागले, ते म्हातारपणापर्यंत. इतारने एक बारीक गोष्ट टिपली आहे. हे शब्द आपल्या तोंडून येऊ नयेत याची धास्ती तिला जितकी जास्त, तितके ते जिभेवर येत.

या निरीक्षणात शिवीच का, याचं बरंचसं उत्तर आहे. टिकेला अर्थाशी देणंघेणं नसतं, पण ताणाशी असतं. जो शब्द अडवायला मेंदूने सर्वांत जास्त पहारा बसवलेला असतो तोच शब्द सतत जागा असतो. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या आणि खुणांच्या भाषेत बोलणाऱ्या व्यक्तींनाही टूरेट होतो, आणि काहींच्या हातांमधून अश्लील खुणा निघाल्याच्या नोंदी आहेत. त्या माणसांनी शिवी कधी ऐकलेली नाही. हातांच्या भाषेत निषिद्ध काय ते त्यांना माहीत आहे, आणि तेच निसटतं.

आमच्या पुण्यातल्या इमारतीत एक मुलगा आहे, आता अकरा वर्षांचा. सहाव्या वर्षी त्याचे डोळे मिचकू लागले, तेव्हा नेत्रतज्ज्ञाने चश्म्याचा नंबर तपासला. आठव्या वर्षी तो घसा खाकरू लागला आणि सहा महिने ॲलर्जीची औषधं झाली. दहाव्या वर्षी एका शिवीचा पहिला अर्धा भाग येऊ लागला, काही आठवड्यांनी पूर्ण शिवी. शाळेतून चिठ्ठी आली: घरातल्या भाषेकडे लक्ष द्यावे. त्याची आई ती चिठ्ठी हातात धरून माझ्याकडे आली होती. तिचं म्हणणं होतं, माझ्यावर कुणी अविश्वास दाखवला तर चालेल, पण तो आता रात्री देवाची माफी मागतो.

आता मागे वळून पाहिलं तर त्याच्या आजाराचा क्रम अगदी ठरल्यासारखा होता. टिका बहुधा पाच ते सात वर्षांच्या सुमाराला चेहऱ्यापासून सुरू होतात, आवाज नंतर येतो, शिवी आलीच तर त्यानंतर. दहा-बाराव्या वर्षी त्रास टोकाला जातो आणि बऱ्याच मुलांमध्ये मोठेपणी कमी होतो. अनेक हालचालींच्या टिका, निदान एक आवाजाची टिक, एक वर्षाहून जास्त काळ आणि अठरा वर्षांच्या आत सुरुवात, एवढ्यावर निदान होतं. पंधरा-सोळाव्या वर्षी काही दिवसांत एकदम, पूर्वी कधी डोळाही न मिचकता, लांबलचक शिव्या सुरू झाल्या तर तो प्रकार बहुधा वेगळा असतो. तोही खोटा नसतो, पण त्याचे उपचार निराळे आहेत. म्हणून डॉक्टरांना सुरुवात कशी झाली हे वर्षवार सांगणं फार उपयोगाचं.

शाळेचा सगळ्यात मोठा आक्षेप असा होता: वर्गात बाई आल्या की तो दहा मिनिटं गप्प बसतो, म्हणजे त्याला थांबवता येतं. त्या मुलाने मला दिलेलं उत्तर मी विसरणार नाही. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही शिंक थांबवलीय ना कधी? मग दिवसभर थांबवून दाखवा." टिकेच्या आधी घशात किंवा मानेत एक खाज, एक दाब जाणवतो. तो काही वेळ धरून ठेवता येतो. पण त्या काळात सगळं लक्ष तिथेच लागतं आणि गणित डोक्यात शिरत नाही. म्हणून बरीच मुलं शाळेत दाबतात आणि घरी येऊन दप्तर टाकलं की एकामागून एक टिका सुटतात. मग शाळा म्हणते घरचं वळण वाईट, घर म्हणतं शाळेत काहीतरी घडतंय.

ऐकताना फरक कसा ओळखावा? रागाने दिलेल्या शिवीला रोख असतो. डोळे समोरच्यावर असतात, ती बोलण्याच्या ओघात बसते, पुढे-मागे भांडण असतं. टिकेची शिवी वाक्याच्या मध्येच, तुटकपणे, वेगळ्या पट्टीत येते आणि मूल आपलं वाक्य पुढे चालू ठेवतं: "आई, उद्या डब्यात (शिवी) पोहे दे." दमल्यावर, परीक्षेच्या आदल्या दिवशी, अगदी वाढदिवसाच्या आनंदातही ती वाढते. चित्र काढण्यात रमला की कमी होते. रागावलं, शिक्षा केली, तर ताण वाढतो आणि ताणाबरोबर तीही वाढते.

उपचार आहेत, पण रोग मुळापासून काढणारं काही नाही. तज्ज्ञ मुलाला आधीची खाज ओळखायला शिकवतात आणि ती आली की तिच्याशी जुळणार नाही अशी कृती करायला लावतात. शब्दासाठी ही कृती म्हणजे ओठ मिटून नाकाने सावकाश श्वास. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या 126 मुलांवरच्या अमेरिकी अभ्यासात दहा आठवड्यांत अशी आठ सत्रं घेतली गेली आणि ही पद्धत शिकलेल्यांपैकी साधारण निम्म्या मुलांमध्ये ठळक सुधारणा दिसली. निम्म्यांत दिसली नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. काहींना औषधं लागतात, ती सुस्ती आणतात, वजन वाढवतात. या मुलाला श्वासाने थोडा उतार पडला. उरलेलं काम समजावून सांगण्याचं होतं.

इथे त्याच्या आईने जे केलं ते मला फार शिकवून गेलं. आधी तिने त्याला विचारलं, वर्गाला सांगायचं का, आणि सांगताना तू तिथे असायचं का? तो म्हणाला सांग, पण मी बाहेर थांबेन. ती वर्गात पाच मिनिटं बोलली. आजाराचं नाव सांगितलं. काय ऐकू येईल ते सांगितलं, आणि तो शब्द कोणता हेही आडपडदा न ठेवता सांगितलं, कारण न सांगितलेल्या शब्दाचंच पोरं कुजबुजत खेळणं करतात. शेवटी तुम्ही काय करायचं ते सांगितलं: काहीच नाही. हसायचं नाही, गप्प हो म्हणायचं नाही, तो शब्द त्याच्यासमोर मुद्दाम उच्चारायचा नाही, कारण ऐकला की तो आणखी येतो. तो जे बोलत होता ते पुढे ऐकायचं. रिक्षात आणि दुकानात ती याहून कमी बोलते: "त्याला मेंदूचा आजार आहे, शब्द आपोआप येतात, तुम्हाला उद्देशून नाहीत." माफी ती मागत नाही. मुलाने गुन्हा केलेला नाही आणि आईने दिवसातून वीसदा माफी मागितलेली त्याला ऐकू येत असते.

एका प्रसंगात मात्र तिने माफीच्या जवळचं काहीतरी केलं, आणि बरोबर केलं. एकदा त्याच्या तोंडून जातीवरून हिणवणारा शब्द गेला, नेमका ज्यांना तो लागेल अशा बाईंसमोर. मेंदूचा पहारा अशा शब्दांवरही असतो, म्हणून तेही निसटतात. तो शब्द त्याचं मत नसतो, पण ऐकणाऱ्याच्या पिढ्यांची जखम खरी असते. ती त्या बाईंजवळ गेली आणि म्हणाली, "तुम्हाला लागलं असेल, ते साहजिक आहे. त्याच्या मनात तसं नाही. मला तुम्हाला नीट समजावून सांगायचंय, वेळ आहे का?" मुलाचा आजार आणि त्या बाईंचं दुखणं, दोन्ही तिने त्याच वेळी मानलं.

मेंदूच्या कपाळामागच्या भागाला मार बसतो तेव्हा समजावणं सगळ्यात अवघड जातं, हे कबूल केलं पाहिजे. 1848 साली अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये फिनिआस गेज या रेल्वे मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी पहार आरपार गेली. तो वाचला, पण त्याचा डॉक्टर हार्लोने लिहिलं की तो आता शिवराळ झाला आहे, पूर्वी तसा नव्हता. हेल्मेटशिवाय गाडीवरून पडलेल्या कित्येकांच्या घरी आज हेच चाललेलं असतं. इथे शिवीला रोख असतो, त्या क्षणाचा रागही खरा असतो. नष्ट झालेली असते ती राग आणि जीभ यांच्यामधली एका श्वासाची जागा. अशा घरात समजावून सांगण्यापेक्षा आधी कारणं शोधावी लागतात: गोंगाट, एका वेळी दोघांनी बोलणं, भूक, दुपारचा थकवा. शिवी आली की वाद न घालता खोली सोडायची, दहा मिनिटांनी परत यायचं. आणि बायकोला किंवा आईला ते शब्द लागतात, तेव्हा 'आजारपण आहे, मनावर घेऊ नकोस' एवढं सांगून तिला एकटीला सोडायचं नाही.

मामांकडे परत येते. त्या मुलीने शिवी बंद करायचा प्रयत्न केलाच नाही. तिने मामींना एक वही दिली. दिवसभरात मामांच्या तोंडून शिवीखेरीज चुकून जो कुठला शब्द निघेल तो लिहायचा. पहिल्या आठवड्यात तीन निघाले: 'नको', 'अगं' आणि 'चहा'. हे शब्द तिने मोठ्या अक्षरांत कार्डांवर लिहिले आणि मामांना वाचायला लावले. आपोआप आलेला शब्द हळूहळू हुकमी करायचा, अशी ही पद्धत. ती सगळ्यांना लागू पडत नाही, आणि मामांचाही वर्षभरात शंभर शब्दांपुढे पल्ला गेला नाही. अडलं की शिवी येतेच.

मामींनी मात्र त्यातून स्वतःची एक विद्या काढली. त्यांच्या लक्षात आलं की शब्द एकच असला तरी सूर वेगळे आहेत. हवं असतं तेव्हा तो शेवटी वर चढतो. दुखतं तेव्हा दबका येतो. कुणी आवडतं माणूस आलं की लांबतो.

गेल्या गणपतीत माझ्या धाकट्या भावाची नवी बायको पहिल्यांदा त्या घरी आली होती. मामांनी सगळ्यांबरोबर अख्खी आरती म्हटली, टाळीसकट. मग ती वाकून नमस्कार करायला गेली तेव्हा मामांनी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि तो शब्द उच्चारला. ती दचकून वर बघू लागली. मामांची सात वर्षांची नात प्रसादाचं ताट घेऊन शेजारी उभी होती. ती म्हणाली, "काकू, लांब म्हणाले ना? म्हणजे तुम्ही आवडलात. आजोबांकडे शब्द थोडेच आहेत," आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवून पुढे गेली.